अर्ध्या अरबी पाटीचा अनुवाद

संयुक्त अरब अमिरातीत दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन मजुरांकडून उघड्यावर, थेट उन्हात काम करून घ्यायला बंदी असते. नियम मोडणाऱ्या मालकाला एका मजुरामागे ५,००० दिरहम दंड होतो. बरेच मजूर सापडले, तर दंडाची कमाल मर्यादा ५०,००० दिरहम आहे. याच नियमात पाटीबद्दलही एक अट आहे. कामाच्या तासांचं वेळापत्रक साइटवर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचं. ते अरबीत तर हवंच, शिवाय मजुरांना समजणाऱ्या भाषेतही हवं.

त्यामुळे तिथल्या बांधकामांवर एकाच पत्र्यावर तीन-तीन, चार-चार भाषा दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. अरबी आणि इंग्रजी असतेच. त्यांच्या जोडीला हिंदी, उर्दू, कुठे मल्याळम, कुठे बंगाली. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात गेलेल्या माणसांना मराठी पाटी बहुधा मिळत नाही, पण हिंदी ओळ ते सहज वाचतात आणि तिच्यावर विसंबून दिवस आखतात.

अडचण येते ती अशा पाटीचा फोटो अरबी अनुवादकाच्या टेबलावर आला की. अमिरातीतल्या सर्वसाधारण न्यायालयांची भाषा अरबी. दुसऱ्या भाषेतला कागद तिथे पुरावा म्हणून द्यायचा, तर सोबत अधिकृत अनुवादकाने केलेला अरबी अनुवाद जोडावा लागतो. अबुधाबीच्या न्यायखात्याने २०१९ मध्ये कामगारांच्या दाव्यांसाठी अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदीलाही स्थान दिलं, त्यामुळे मजुराला दाव्याचा अर्ज समजणं सोपं झालं. तरी साइटवरच्या पाटीचा प्रश्न उरतोच. ती पाटी आधीच थोडीफार अरबीत आहे. मग अनुवाद करायचा तो कशाचा?

एक पाटी नमुना म्हणून समोर घेऊ. ती काल्पनिक आहे, पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट अशा पाट्यांवर आढळणाऱ्या प्रकारातली आहे. सर्वांत वर अरबीत लिहिलंय: १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२:३० ते ३:०० उन्हातलं काम बंद. त्याखाली इंग्रजीत तेच वाक्य आणि पुढे एक जास्तीची ओळ: थंड पाणी आणि सावली, गेट क्रमांक २ जवळ. मग हिंदी: ‘दोपहर १ बजे से ३ बजे तक धूप में काम बंद’. मग उर्दूत अरबीइतकीच वेळ आणि शेवटी ‘ओव्हरटाइम फोरमनच्या परवानगीनेच’ या अर्थाचं वाक्य. तळाला रोमन लिपीत कंपनीचं नाव, फोन नंबर आणि एक फॉर्म क्रमांक. आणि कोपऱ्यात कोणीतरी मार्करने हिंदीत लिहिलंय: ‘कंक्रीटवाले रुकेंगे’.

घाईत असलेला अनुवादक काय करेल? अरबी वाक्य आहेच, खाली बाकीच्या भाषांत तेच लिहिलेलं असणार, असं धरून तो पाण्याची ओळ तेवढी अरबीत आणेल आणि मोकळा होईल. अशा कामातली बहुतेक गडबड या ‘असणार’मधूनच होते. पाटीवरच्या भाषा एकमेकींचं भाषांतर आहेत असं पाटी बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. ते खरंच तसं उतरलंय का, हे प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. हिंदी ओळीत विश्रांती एक वाजता सुरू होते आणि अरबीत साडेबाराला. हा अर्धा तास म्हणजेच कदाचित सगळा दावा. मजूर म्हणतो, मला एकपर्यंत राबवलं. मालक पाटीचा फोटो दाखवून म्हणतो, वेळ तर आम्ही लिहूनच ठेवली होती. अरबी वाचणाऱ्या न्यायाधीशाला ती पाटी निर्दोष दिसेल. हिंदी ओळ जशीच्या तशी अरबीत आली, तरच मजुराने काय वाचलं होतं ते त्याला दिसेल.

म्हणून न्यायालयासाठी काम करताना अरबी नसलेली प्रत्येक ओळ अरबीत आणायची, मग ती वरच्या ओळीचीच पुनरुक्ती वाटली तरी. मूळ अरबी ओळ मात्र जशी आहे तशी उतरवायची आणि कंसात ‘मूळ अरबीत’ अशी नोंद करायची. तिच्यात व्याकरणाची चूक असेल, एखादं अक्षर गळलं असेल, तर तेही तसंच राहू द्यायचं. अनुवादकाने ती चूक दुरुस्त केली, तर जी पाटी भिंतीवर कधी नव्हतीच अशी पाटी कोर्टापुढे जाते. चूक दाखवायची तर ती वेगळ्या टिपेत.

मार्करच्या ओळीकडे विशेष लक्ष द्यायला हवं. हस्तलिखित मजकूर पाटीचा भाग नाही असं समजून तो सोडून देण्याचा मोह होतो. पण दुपारच्या बंदीला काही अपवाद आहेत. डांबर अंथरणं किंवा काँक्रीट ओतणं अशी मध्येच थांबवता न येणारी कामं पाणी, सावली वगैरे सोयी पुरवून चालू ठेवता येतात. तेव्हा ‘कंक्रीटवाले रुकेंगे’ ही ओळ नेमकी या अपवादाबद्दलची असू शकते. हिंदीत ‘रुकना’ म्हणजे काम थांबवणं, आणि जागेवर थांबून राहणंही. काँक्रीटवाले काम थांबवतील, की बाकीचे सुटीवर गेले तरी हे थांबतील? अरबीत या दोन अर्थांना दोन वेगळी क्रियापदं लागतात, त्यामुळे एक निवडलं की दुसरा अर्थ पुसला जातो. नेटका अनुवादक इथे एक वाचन घेतो, दुसरं टिपेत देतो, आणि ओळ हाताने लिहिलेली असल्याचंही नमूद करतो. निवाडा करणं त्याचं काम नाही.

तळाच्या ओळींचा भाग सोपा आहे. फोन नंबर आणि फॉर्म क्रमांक हलवायचे नाहीत. कंपनीचं नाव अरबी अक्षरांत लिहिता येतं, पण व्यापारी परवान्यावर तिचं अधिकृत अरबी नाव असतं आणि ते उच्चारावरून लिहिलेल्या नावापेक्षा वेगळं असू शकतं. ते नाव मिळालं तर तेच वापरायचं. मिळालं नाही तर मूळ रोमन नाव ठेवून शेजारी उच्चार द्यायचा.

फोटोतली अरबी ओळ वाचणं दिसतं तितकं सरळ नसतं, आणि फसगत होते ती बहुधा अंकांत. आखातात अरबी मजकुरात अनेकदा पूर्वेकडचे अरबी अंक वापरतात. त्यांच्यातला पाच हा आकडा म्हणजे एक छोटं वर्तुळ, अगदी आपल्या शून्यासारखं. शून्य म्हणजे नुसता ठिपका. देवनागरी अंकांची सवय असलेल्या डोळ्याला त्या पाटीवरची १५ ही तारीख सरळ १० दिसते. आणि साडेबारातलं शेवटचं शून्य म्हणजे एक ठिपका असल्याने धुळीत, गंजात किंवा अंधूक फोटोत तो हरवला की १२:३० चं १२:३ होतं. दोन आणि तीन या अंकांतही फरक असतो तो डोक्यावरच्या एका जास्तीच्या दाताचा. म्हणून इतर भाषांतल्या ओळींशी अंक ताडून पाहायचे. पण ताडणं वेगळं आणि एकसारखे करणं वेगळं. फोटोत अंक दिसत नसेल तर ‘अस्पष्ट’ लिहायचं. इंग्रजी ओळीतला अंक उचलून अरबीत बसवायचा नाही.

अरबी उजवीकडून डावीकडे वाचली जाते, अंक मात्र डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात. त्यामुळे अरबी वाक्यात ‘१२:३० - ३:००’ असा पट्टा आला की साडेबारा उजवीकडे आणि तीन डावीकडे दिसतात. अरबी वाचकासाठी तो क्रम बरोबर आहे. अरबी न जाणणारा एखादा मांडणीकार मात्र तो उलटा झालाय असं समजून ‘सुधारतो’ आणि विश्रांती तीनला सुरू करून साडेबाराला संपवतो. त्यापेक्षा मधली रेघ काढून ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या अर्थाचे शब्द लिहिले की घोटाळ्याला जागा उरत नाही.

आता हाच फोटो न्यायालयाऐवजी एखाद्या माहितीपटात आला असं धरू. पडद्याखाली अरबी उपशीर्षकं द्यायची आहेत. इथे हिशेब पालटतो. प्रेक्षकाला वरचं अरबी वाक्य पडद्यावर दिसतंच आहे, तेव्हा तेच खाली पुन्हा लिहिणं म्हणजे त्याच्या वाचनात अडथळा. इंग्रजी आणि उर्दूतल्या सारख्या ओळीही सोडून द्यायच्या. उपशीर्षक द्यायचं ते अरबीत नसलेल्या आणि कथेला लागणाऱ्या ओळीला. दृश्य पाण्याच्या टंचाईबद्दल असेल तर गेट क्रमांक २ ची ओळ, मजुरांच्या फसवणुकीबद्दल असेल तर हिंदीतला एक वाजण्याचा उल्लेख. अरबी ओळ कॅमेऱ्यात तिरकी किंवा धूसर आली असेल तेव्हा मात्र तीही खाली द्यावी लागते, पण पाटीवरच्याच शब्दांत.

तिसरी शक्यता अशी, की कंपनीलाच ही पाटी नव्याने बनवायची आहे आणि अरबी मजकूर पूर्ण करून हवा आहे. इथे अनुवादक अरबी वाक्याला हात लावत नाही. त्यात नसलेल्या पाण्याच्या आणि ओव्हरटाइमच्या ओळी तो अरबीत आणतो. त्या आणताना पाटीवर आधीपासून असलेले शब्द धरून चालावं लागतं. अरबी भाषेत महिन्यांची नावंसुद्धा देशागणिक बदलतात. आखातात आणि इजिप्तमध्ये जूनला ‘यून्यू’ म्हणतात, सीरिया-इराककडे ‘हजीरान’. वर ‘यून्यू’ आणि खाली ‘हजीरान’ आलं तर पाटी दोन माणसांनी दोन देशांत बसून लिहिल्यासारखी होते. हिंदीतल्या वेळेची चूक तो गुपचूप दुरुस्त करत नाही. कंपनीला कळवतो, कारण कोणती वेळ खरी हे तिने सांगायचं असतं.

इथपर्यंत एक गोष्ट गृहीत धरली, की पाटीवर अरबी कोणती हे पाहताक्षणी ओळखू येतं. तसं नेहमी होत नाही. अरबी लिपी दिसली म्हणजे भाषा अरबी असं नाही. कल्याण किंवा मनमाडच्या फलाटावर देवनागरीत लिहिलेली ओळ मराठी की हिंदी हे बाहेरच्या माणसाला जसं ओळखता येत नाही, तसंच अरबी, उर्दू आणि फारसीचं. आपल्याकडे ‘शिक्षा’ हा शब्द पाटीवर दिसला तर तो दंडाबद्दल आहे की शाळेबद्दल, हे भाषा कळल्यावरच ठरतं. अरबी आणि उर्दूतही अशा जोड्या आहेत. उर्दूत ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी, अरबीत वही. उर्दूत ‘मकतब’ म्हणजे मुलांची शाळा, अरबीत कचेरी. उर्दू ओळीला अरबी समजून हात न लावता सोडून दिलं, तर शाळेची पाटी अरब वाचकाला कचेरीकडे पाठवते.

याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठी नावाखाली उर्दूतही नाव लिहिलेलं होतं. त्याला आक्षेप घेतला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने आक्षेप फेटाळला. मराठीच्या जोडीला उर्दू वापरायला कायद्याची मनाई नाही, असं त्या निकालात स्पष्ट केलं. या पाटीचा फोटो एखाद्या अरबी दैनिकात छापायचा झाला, तर संपादकाला वरवर पाहून वाटेल की खालची ओळ आपल्याच भाषेत आहे. ती उर्दू आहे. मराठी ओळीइतकीच तीही अरब वाचकाला उलगडून सांगावी लागेल. शिवाय तसं सांगितलं नाही तर बातमीचा मुद्दाच निसटतो, कारण वाद उर्दूबद्दलचा होता.

ओळखायच्या खुणा अक्षरांतच असतात. अरबीत प, च आणि ग या ध्वनींसाठी स्वतःची अक्षरं नाहीत. फारसीने आणि उर्दूने ती घडवली, त्यामुळे तीन ठिपक्यांचा प किंवा च दिसला की ओळ बहुधा अरबी नाही. पातूर या नावातला पहिला प याच कारणाने ओळख पटवतो. उर्दूत ट, ड आणि ड़साठी अक्षराच्या डोक्यावर ‘तोय’ या अक्षराची छोटी प्रतिकृती काढतात. ती दिसली की उर्दूकडे बोट दाखवता येतं. उलट शब्दाच्या शेवटच्या ‘ह’वर दोन ठिपके वारंवार दिसले तर ओळ अरबी असण्याची शक्यता मोठी. वळणही मदत करतं. उर्दू पाट्या बहुधा उतरत्या नस्तालीक वळणात असतात, अरबी पाट्या सरळ रेषेवरच्या नस्ख वळणात. पण वळणावर विसंबून निर्णय घेता येत नाही. आखातातल्या छापखान्यात उर्दू ओळही अनेकदा नस्खमध्येच छापली जाते.

आणखी एक जागा आहे जिथे हात आखडता घ्यावा लागतो, ती म्हणजे गावांची नावं. इस्रायलमधल्या रस्त्यांवर हिब्रू, अरबी आणि इंग्रजी अशा तीन भाषांच्या पाट्या असतात. जेरुसलेमसाठी अरबी ओळीत ‘उर्शलीम’ हे नाव आणि सोबत ‘अल-कुद्स’ असं लिहिलेलं असतं. सर्वसामान्य अरबी वाचक या शहराला ‘अल-कुद्स’ म्हणतो. इंग्रजी ओळीचा अनुवाद करायला बसलेला कोणीही सहजपणे ‘अल-कुद्स’ लिहील. भाषा म्हणून ते बरोबरच. पण पाटीवर शासनाने निवडलेलं अरबी नाव आधीच आहे आणि ते काय आहे हीच वाचकाला मिळायला हवी अशी माहिती.

या नावांवरून तिथे बरंच रण माजलं आहे. २००२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तेल अवीव-याफोसारख्या मिश्र वस्तीच्या शहरांतल्या पालिकांना पाट्यांवर अरबी घालायला सांगितलं. २००९ मध्ये तिथल्या वाहतूकमंत्र्यांनी असा प्रस्ताव मांडला, की अरबी ओळीत अरबी नाव न देता हिब्रू उच्चारच अरबी अक्षरांत लिहावा, म्हणजे ‘उर्शलीम’ जाऊन ‘येरुशलाइम’ यावं आणि ‘अन-नासिरा’ या गावाचं हिब्रू नाव यावं. त्यावर तीव्र टीका झाली. अशा पाटीचा फोटो देणाऱ्या लेखात अनुवादकाने इंग्रजी नाव परस्पर ‘अल-कुद्स’ करून पाटीतली अरबी ओळ गाळली, तर तो वादच वाचकापासून लपतो. पाटीतली अरबी तशीच उद्धृत करायची, आणि लेखाच्या स्वतःच्या मजकुरात दैनिकाच्या प्रघाताप्रमाणे हवं ते नाव वापरायचं.

फोटोच्या चौकटीलाही मर्यादा असते. बहुभाषिक पाटीवर अरबी ओळ अनेकदा वर किंवा उजव्या बाजूला असते. मजुराने मोबाइलवर काढलेल्या फोटोत पाटीची उजवी कड कापली गेली, तर ती पाटी नुसती इंग्रजी-हिंदी आहे असं वाटतं. साइटवर अरबी पाटीच नव्हती, असा निष्कर्ष त्यातून निघाला तर तो नियमभंगाचा आरोप होऊन बसतो. त्यामुळे अनुवादक अशा वेळी आधी पूर्ण पाटीचा दुसरा फोटो मागतो. तो मिळाला नाही तर अनुवादाच्या वर ‘छायाचित्रात पाटीची उजवी बाजू दिसत नाही’ एवढी नोंद करतो आणि दिसणाऱ्या ओळी अरबीत आणतो. बाण असेल तर त्याची दिशा मूळ फोटोप्रमाणेच ठेवतो. मजकूर उजवीकडून सुरू होतो म्हणून बाणही उलटवला, तर गेट क्रमांक २ चं पाणी शोधणारा माणूस भलत्याच बाजूला जाईल.